कुलपाला न सांगितलेला कोड

रविवारी सकाळी साडेसहाला मी रायपूरच्या मोव्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटसमोर उभा होतो. नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलो होतो. हातात बॅग होती आणि फोनमध्ये घरमालकांनी पाठवलेला आठ आकडी कोड. दाराच्या मुठीवरच्या काळ्या काचेला बोट लावलं, आकडे उजळले, मी कोड टाकून शेवटी # दाबलं. कुलपाने तीनदा टुक्-टुक् केलं आणि लाल दिवा लावला. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. समोरच्या घरातले गृहस्थ दार उघडून “का होगे?” म्हणाले आणि काय झालंय ते कळल्यावर घरमालकांनी त्यांच्याकडे ठेवलेली साधी पितळी किल्ली घेऊन आले. मुठीखालच्या टोपणामागे किल्लीचं छिद्र होतं. दार उघडलं.

घरमालक जर्मनीत असतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या रायपूरचं. इथे भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी घरं आहेत, त्यांतलंच एक. त्यामुळे फोनवर आमचं बोलणं मराठीतच चालतं, फक्त त्यांच्या मराठीत ‘ताला’ असतो आणि माझ्या मराठीत ‘कुलूप’. त्यांनी शुक्रवारी रात्री सांगितलं होतं, “हा कायमचा कोड आहे, कधीही टाक.” त्यांच्या फोनची भाषा जर्मन आहे, म्हणून अ‍ॅपही जर्मनमध्ये दिसतं. ते वाचतात जर्मन, मला सांगतात मराठीत, आणि माझ्या फोनवर तेच अ‍ॅप इंग्रजीत. एका शब्दाचा तीन भाषांतून प्रवास होताना कुठेतरी काहीतरी सांडत होतं. म्हणून त्या दिवशी दुपारी मी त्यांना सविस्तर लिहिलं.

“आदरणीय काका,
स. न. वि. वि.

घरात पोचलो, काळजी नसावी. शेजारच्या काकांनी किल्ली दिली. पण तुम्ही दिलेला कायमचा कोड चालला नाही, म्हणून काही गोष्टी विचारतो. उत्तर देताना तुमच्या पडद्यावर जे दिसतं त्याचे फोटो पाठवलेत तर बरं, म्हणजे मी माझ्या इंग्रजी पडद्याशी ताडून पाहीन.

एक, तुम्ही ज्याला ‘कायमचा’ म्हणता ते माझ्याकडे `Permanent` असं दिसतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात काही अट लिहिली आहे का? दोन, कोड तयार करताना जी वेळ निवडायची ती तुमच्या गावची की रायपूरची? गेल्या गुरुवारी प्लंबरला संध्याकाळी सहापासूनचा कोड दिला होतात. त्याने सहा वाजून पाच मिनिटांनी टाकला तेव्हा लाल दिवा लागला आणि सव्वासहाला तोच कोड चालला. तीन, `Passage Mode` म्हणजे काय, आणि तो चालू आहे की बंद? चार, माझ्याआधीच्या भाडेकरूंना दिलेले कोड अजून चालतात का? आणि शेवटचं म्हणजे, मी कधी आलो-गेलो याची नोंद तुमच्याकडे दिसते का? दिसत असेल तर हरकत नाही, फक्त माहीत असावं.

आपला,”

पत्र पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत मीच खोदत बसलो. एक प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता, आणि सुचल्यावर मी अक्षरशः थक्क झालो. या कुलपाला इंटरनेट नाही. त्यात सिमकार्ड नाही, ते घरच्या वायफायला जोडलेलं नाही. आत चार पेन्सिल सेल आहेत आणि जवळ आलेल्या फोनशी बोलण्यापुरतं ब्लूटूथ आहे, बस. मग जर्मनीत बसलेल्या माणसाने फोनवर बनवलेला कोड रायपूरच्या दाराला कळतो कसा?

कळत नाही. कुलपाला तो कोड कोणीच सांगितलेला नसतो. मी पहिल्यांदा आकडे दाबतो त्या क्षणी कुलूप तो कोड आयुष्यात प्रथम ऐकतं, आणि ऐकल्याऐकल्या ठरवतं की हा खरा आहे की बनावट.

हे कसं जमतं ते एका खेळण्यातल्या गणिताने पाहू. कुलूप दारावर बसवलं त्या दिवशी काकांचा फोन त्याच्याजवळ होता. तेव्हा दोघांनी मिळून एक गुप्त संख्या ठरवली. ती कुलपाच्या पोटात राहिली आणि दुसरी प्रत कंपनीच्या सर्व्हरवर काकांच्या खात्यात गेली. समजा ती संख्या ४८,२७१ आहे. दोघांकडे आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे घड्याळ. लीप वर्ष नसलेल्या सालात १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून ११ जूनच्या संध्याकाळी सहापर्यंत ३,८८२ तास होतात. जर्मनीत अ‍ॅपने गुणाकार केला:

```
४८२७१ × ३८८२ = १८७३८८०२२
```

शेवटचे सहा आकडे घेतले, कोड झाला ३८८०२२. तो प्लंबरच्या फोनवर गेला. प्लंबरने दाराशी तो टाकला. कुलपाने आपल्या घड्याळात पाहिलं, तास मोजले, आपल्याजवळची गुप्त संख्या काढली आणि तोच गुणाकार केला. उत्तर जुळलं, दांडा सरकला. सात हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेली दोन यंत्रं एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकाच उत्तरावर आली, कारण दोघांना एकच गुपित ठाऊक होतं आणि दोघांच्या घड्याळात एकच वेळ होती.

आता या खेळण्यातली खोट बघा. सात वाजताचा कोड असाच काढला तर तो ४३६२९३ येतो. प्लंबर हुशार असेल आणि त्याने दोन्ही कोड लिहून ठेवले, तर एक वजाबाकी पुरे: ४३६२९३ उणे ३८८०२२, उत्तर ४८,२७१. गुपित फुटलं! म्हणून खऱ्या व्यवहारात साधा गुणाकार वापरत नाहीत. तिथे अशी क्रिया लागते जी पुढे सहज करता येते पण उलटी फिरवता येत नाही. मिरची, लसूण, खोबरं खलबत्त्यात कुटून ठेचा होतो, ठेच्यातून अख्खा लसूण परत काढता येत नाही, तसंच. गुपित आणि वेळ एकत्र कुटायचे आणि जे निघेल त्यातले काही आकडे घ्यायचे. कितीही जुने कोड जमवले तरी त्यांतून गुपित निघत नाही. फोनमधली जी अ‍ॅपं विमानात, नेटवर्क बंद असतानाही दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी अंक दाखवतात, ती याच कल्पनेवर चालतात. त्यांची पद्धत २०११ साली आरएफसी ६२३८ या नावाने जाहीर झाली आणि ती कोणालाही वाचता येते. कुलपांच्या कंपन्या आपापली नेमकी कृती उघड करत नाहीत. त्यांच्या कोडमध्ये सुरुवातीची वेळ आणि मुदत हेही गुंफलेलं असतं, म्हणून ते जास्त आकडी असतात. पण पाया हाच.

एवढं लक्षात आल्यावर माझा रविवारचा लाल दिवा आपोआप उलगडला, आणि काकांच्या उत्तरातल्या फोटोने त्यावर शिक्का मारला. त्यांच्या पडद्यावर ‘कायमचा’ या पर्यायाखाली बारीक अक्षरात जर्मनमध्ये एक ओळ होती: कोड तयार झाल्यापासून २४ तासांच्या आत एकदा तरी वापरला पाहिजे, नाहीतर तो रद्द होतो. काकांनी तो शुक्रवारी रात्री दहाला बनवला. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, म्हणजे रायपूरला शनिवार पहाटेचा दीड वाजला होता. मुदत रविवारी पहाटे दीडला संपली आणि मी दाराशी पोचलो साडेसहाला. पाच तास उशीर झाला होता.

मला ही अट आधी जाचक वाटली. आता ती आवडते. कुलपाला कोड आधी ठाऊक नसतो, म्हणून कोणी आकडे दाबले की त्याला विचार करावा लागतो की हा अमुक वेळी जन्मलेला कोड असू शकेल का. जन्मवेळेला मर्यादा नसती, तर आजपर्यंतच्या प्रत्येक तासाचा कोड त्याला मान्य करावा लागला असता, आणि मग कोणीही आंधळेपणाने आकडे मारत बसला तर एखादा लागून जाण्याची शक्यता वाढत गेली असती. २४ तासांच्या अटीमुळे कुठल्याही क्षणी खरे ठरू शकतील असे कोड थोडेच उरतात. एकदा मी तो वेळेत टाकला की कुलूप तो आपल्या स्मृतीत लिहून ठेवतं आणि तिथून पुढे तो खरोखर कायमचा होतो. म्हणजे `Permanent` हा शब्द खोटा नाही. फक्त कायमपण सुरू होतं ते दाराशी, पहिल्या वापराने, जर्मनीत नव्हे.

प्लंबरचं कोडं वेगळं होतं. तिथे कोड चालला, पण दहा-पंधरा मिनिटं उशिरा. मला आधी वेळेच्या पट्ट्याचा घोळ वाटला. पण तो घोळ असता तर चूक साडेतीन तासांची असती, मिनिटांची नाही. कुलूप कुठल्या गावच्या वेळेने चालायचं ते बसवतानाच ठरतं, आणि काकांनी ते रायपुरात येऊनच बसवलं होतं. जर्मनीतच चालू करून बॅगेतून आणलं असतं तर मात्र पंचाईत झाली असती. (जाता जाता, भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते ती रेषा छत्तीसगडमधूनच जाते. रायपूर तिच्या जेमतेम एक अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे इथला सूर्य आणि इथलं घड्याळ यांत सरासरी साडेतीन मिनिटांचाच फरक पडतो. मुंबईकरांना ते भाग्य नाही.)

चूक मिनिटांची होती, म्हणजे कुलपाचं घड्याळ मागे पडलं होतं. त्याच्या दृष्टीने सहा वाजलेच नव्हते. न वाजलेल्या सहाचा कोड त्याने नाकारला.

मागे का पडलं? अशा घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा एक इवलासा चिमटा असतो, तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नाही. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या लहरीने निवडलेली नाही: १ ला २ ने पंधरा वेळा गुणत गेलं की ती येते, त्यामुळे तिचे अर्ध्यावर अर्धे करत गेलं की बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. पण हा चिमटा अशा बेताने कापलेला असतो की २५ अंश सेल्सिअसला तो सगळ्यात जलद चालतो. त्याहून गार झालं तरी मंदावतो, गरम झालं तरी मंदावतो. रायपूरचा मे महिना ठाऊक असलेल्याला पुढचं सांगायला नको. पारा ४५ वर गेला की या चिमट्याचा दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास तोटा होतो, आणि माझं दार पश्चिमेला आहे. चिमटा तयार होतानाच त्यात थोडा कमी-जास्तपणा राहतो तो वेगळा.

तरी दिवसाला एक-दीड सेकंद म्हणजे काहीच नाही. एका उन्हाळ्यात दोन-अडीच मिनिटंसुद्धा होत नाहीत. मग एवढी चूक कशी साचली? याचं उत्तर काकांच्या एका वाक्यात मिळालं. ते रायपूरला शेवटचे आले होते चौदा महिन्यांपूर्वी. कुलपाचा अधिकार असलेला फोन जवळ येऊन त्याच्याशी ब्लूटूथने बोलला की घड्याळ दुरुस्त करता येतं. पण काका जर्मनीत होते, आणि भाडेकरू सगळे फक्त आकडे दाबणारे. चौदा महिने त्या कुलपाला वेळ सांगणारं कोणी भेटलंच नव्हतं.

इथेच मला माझ्या उरलेल्या प्रश्नांचीही उत्तरं मिळाली, आणि ती जरा अस्वस्थ करणारी होती. गेटवे नावाची एक छोटी डबी घरात लावून वायफायला जोडली, तरच अशा कुलपापर्यंत परदेशातून पोचता येतं. या घरात ती नाही. म्हणजे काका लांबून कोड जन्माला घालू शकतात, पण मारू शकत नाहीत. एकदा कुलपाच्या स्मृतीत गेलेला कायमचा कोड पुसायला कोणीतरी फोन घेऊन दाराशी जावं लागतं. त्यांच्या अ‍ॅपमध्ये सेल ८५ टक्के भरलेला दिसत होता. ती चौदा महिन्यांपूर्वीची आठवण होती. `Passage Mode` बंद दिसत होता, तीही तेव्हाचीच. लांबून पडद्यावर दिसतं ते कुलूप नव्हे, कुलपाचा शेवटचा फोटो असतो.

`Passage Mode` बद्दल थोडं सांगतो, कारण या शब्दाने पुष्कळांना फसवलं असेल. काकांनी त्याचं मराठी ‘येण्याजाण्याची सोय’ असं केलं होतं. ऐकायला छान, चालूच असावा असं वाटणारं. प्रत्यक्षात तो दुकानं-दवाखान्यांसाठी आहे: ठरवलेल्या वेळात कुलूप लागतच नाही, मूठ दाबली की दार उघडं. घरात तो बंदच हवा. त्याच्या शेजारचं `Auto Lock` मात्र उलटं, ते चालू हवं. दार ओढल्यावर ठरलेल्या सेकंदांनी ते स्वतः कुलूप लावतं. दोन्ही शब्द तिन्ही भाषांत वाचून बघितले तरी नावावरून हा फरक कळत नाही. कुलूप हा आपला शब्द अरबीतून आला, चावी पोर्तुगीजांकडून. ते शब्द आले तेव्हा वस्तू हातात होती, म्हणून चुकायला जागा नव्हती. या नव्या शब्दांच्या मागे हातात धरायला काही नाही, म्हणून दाराशी उभं राहून करून पाहणं हाच त्यांचा अर्थ.

बुधवारी काकांनी मला अ‍ॅपमधून `eKey` पाठवली, आणि सोबत `Authorized Admin` हा अधिकारही दिला. संध्याकाळी मी दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. समोरचे काकाही आले. फोन कुलपाशी जोडला गेला आणि मी सेटिंगमधलं `Lock Clock` उघडलं. माझ्या मनगटावर ७ वाजून २१ मिनिटं झाली होती, कुलूप म्हणत होतं ७ वाजून १२. चौदा महिन्यांत नऊ मिनिटं, म्हणजे दिवसाला साधारण सव्वा सेकंद. वर्षभर काही मे महिना नसतो, पण उन्हाचा तोटा आणि चिमट्यातला मूळचा कमी-जास्तपणा दोन्ही धरले तर हे पटण्यासारखं होतं. मी समोरच्या काकांना तो हिशेब कागदावर करून दाखवला. खाली घड्याळ जुळवून घेण्याचं बटण होतं, ते दाबलं. सेल ८५ नव्हे, ३० टक्क्यांवर होते, चारही बदलले. पूर्ण उतरले असते तर मुठीच्या तळाशी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून तेवढ्यापुरता जीव आणता येतो. तसे दोन स्पर्शबिंदू तिथे आहेत, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मग कोडांची यादी उघडली. माझ्या आधीचे तीन कायमचे कोड त्यात होते आणि तिन्ही जिवंत होते. त्या माणसांबद्दल मला काडीचाही संशय नाही, पण मी एकटा राहतो आणि त्यांतलं एकही नाव मला ओळखीचं नव्हतं. एकेक करून पुसले. प्रत्येक वेळी कुलूप हलकेच टुक् करायचं. नंतर काकांना फोन लावून जर्मनीतून माझ्यासाठी नवा कायमचा कोड बनवायला सांगितला, तो तिथेच दाराशी टाकला आणि पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागला. येण्या-जाण्याच्या नोंदींचंही खरं ते कळलं: कोडने दार उघडल्याची नोंद कुलपातच साठते आणि कुलपाचा अधिकार असलेला फोन जवळ येऊन त्याला जोडला गेला की ती वर खात्यात जाते. आता तो फोन माझाच आहे, म्हणजे नोंदी काकांना माझ्यामुळे दिसणार. त्यांनी स्वतःहून सांगितलं की ते बघणार नाहीत, आणि मी तो विषय तिथेच सोडला.

तुम्ही अशा कुलपाच्या घरात भाड्याने राहत असाल आणि मालक दूर असतील, तर त्यांना एकच प्रश्न आधी विचारा: या कुलपाजवळ तुमचा फोन शेवटचा कधी आला होता? उत्तर काही महिन्यांपूर्वीचं असेल तर त्यांच्याकडून `eKey` मागून घ्या, दाराशी उभे राहून घड्याळ, सेल आणि कोडांची यादी या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि तुम्ही स्वतः मालक असाल, तर भाडेकरू बदलण्याच्या दिवशी कोणाला तरी फोन घेऊन दाराशी पाठवा. जुना कोड तिथे गेल्याशिवाय मरत नाही.